दिवसाउजेडी घ्यायचं एरंडेल

विजू पाणी पीत नसेल. संध्याकाळपासून एवढी एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेतले, ठेवून दिले. अंथरूण घातलं, पुन्हा उठले. आता लिहायला बसले आहे, तरी कोपऱ्यातल्या माठाकडे नजर गेली की तेच मनात येतं. चैत्राचं ऊन इथे साताऱ्यातच सोसवत नाही, कवठे महांकाळच्या त्या माळावर तर अंग भाजून निघत असेल. आणि माझी मुलगी तहान लागली तरी तांब्याला हात लावत नसेल. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि दिवसा जायला तिथे आडोसा नाही.

विजू म्हणजे विजयमाला, माझी एकुलती मुलगी. चोवीस वर्षांची आहे. कुणी तिच्याबद्दल लिहावं असं तिनं काही केलेलं नाही. इंटरपर्यंत शिकली, फौजेतल्या मुलाशी लग्न झालं, गावात शिवणयंत्रावर बायकांची पोलकी शिवते, आणि ज्यांचे नवरे सरहद्दीवर आहेत त्यांची पत्रं लिहून देते. एवढंच तिचं आयुष्य. पण गेले काही दिवस मला वाटतंय की तिला नीट ओळखणारं कुणी आहे की नाही, आणि मी तरी तिला ओळखते का.

लहानपणापासून तिला मागता येत नाही. दुसऱ्यांच्या घरी पोरं लाडू मागून खायची, ही हात मागे बांधून उभी. तिसरीत असताना एकदा वर्गात बाईंकडे बाहेर जायची परवानगी मागायला लाजली आणि सबंध दुपार तशीच बसून राहिली. शेवटच्या तासाला परकर भिजला. घरी येऊन मला काही बोलली नाही. मी शाळेतून आले तर दोरीवर परकर वाळत होता आणि ही खाली बसून पाढे म्हणत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मीच धुतला. तुला काम नको."

तिचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. सदुसष्टच्या भूकंपाच्या वर्षी ते गेले. वर्षभर शौचाला रक्त पडत होतं. मूळव्याध म्हणून कुणी काढा दिला, कुणी ताकातलं चूर्ण. शेवटी पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. विजू बारा वर्षांची होती. त्यानंतर तिनं माझ्याकडे वहीसुद्धा मागितली नाही, जुन्या वह्यांची कोरी पानं काढून ती स्वतःच शिवायची.

लग्न ठरलं तेव्हा नाथाजीराव शिपाई होते, आता नाईक आहेत. मुलगा चांगला. घर कोरडवाहू शेतीचं पण माणसं सरळ. सासरे गुंडाआबा, सासू शालूबाई. विजू कधी तक्रार करत नाही असं शालूबाई मला कौतुकानं सांगायच्या, आणि मीही ते कौतुकानं ऐकायचे.

माहेरपणाला आली की तिची एक सवय होती. मागच्या अंगणातल्या संडासात गेली की बराच वेळ बाहेर यायची नाही. मी ओट्यावरून ओरडायचे, "विजू, झोपलीस की काय आत?" आतून तिचं हसणं ऐकू यायचं. "बसू दे गं आई. कडी लावून बसायला मिळतंय." मला वाटायचं, सासरच्या कामातून सुटका म्हणून बसते. ते वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, आणि कितीदा हसले असेन.

तिच्या सासरच्या गावात कुणाकडेच संडास नाही. पुरुष दिवसभर कुठेही जातात. बायका पहाटे अंधारात जातात आणि दिवस मावळल्यावर जातात. मधल्या वेळेचं काय, हे मी विचारलं नाही. मी तिथे गेले तरी दुपारच्या गाडीनं परतायचे.

गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा वाळली होती, पिवळी दिसत होती. मला वाटलं दिवस गेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातून आली ती भिंत धरून. म्हणाली, "आई, रक्त आहे."

"कधीपासून?"

ती म्हणाली, "मला काय माहीत? तिथे अंधारात कुठे दिसतं?"

तिथून पुढे साताऱ्याचे डॉक्टर, लोहाच्या गोळ्या, आणि शेवटी त्यांच्या चिठ्ठीवर मिरज. मिरजेच्या इस्पितळात परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर आहेत. त्यांनी आधी हातभरापेक्षा आखूड अशी सरळ नळी घालून पाहिलं. आतड्याच्या भिंतीवर दोन बारीक कोंब दिसले. मग त्यांनी घरच्यांची चौकशी केली. तिच्या वडिलांचं सांगितलं तसे ते लिहायचे थांबले.

"किती वर्षांचे होते?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

मग त्यांनी सांगितलं की असे कोंब काही घराण्यांत रक्ताच्या नात्यातून येतात. दोन असतील, शंभर असतील. नुसते कोंब असतील तोवर उपाय हातात असतो, त्यातला एखादा बिघडला की वेळ निघून जाते. सरळ नळीला पुढचं दिसत नाही. त्यांच्याकडे आता एक लवचीक दुर्बीण आली आहे, ती वळणं घेत मोठ्या आतड्यात शेवटपर्यंत जाते. पण आतडं स्वच्छ पाहिजे. घाण राहिली तर कोंब तिच्याखाली झाकले जातात, आणि पाहून न पाहिल्यासारखं होतं.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मी, विजू, गुंडाआबा आणि शालूबाई. सिस्टरनं आम्हाला बाकावर बसवून सगळं समजावून सांगितलं. रक्त वाढवायच्या लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायच्या, त्यानं आतलं काळं आणि चिकट होतं. शेवटचे तीन दिवस चोथ्याचं काही नाही. भाकरी नाही, पालेभाजी नाही, शेंगदाणे, तीळ, पेरू, मिरचीचं बी, काही नाही. मऊ भात, साल काढलेला उकडलेला बटाटा, पातळ वरण चालेल.

गुंडाआबांना ते पटलं नाही. "भाकरीबिगार माणूस हुभा कसा ऱ्हायाचा, बाई? आदीच पोरीच्या अंगात रगत न्हाई."

"तीन दिवसांचा प्रश्न आहे, आबा."

"आवं, तीन दिस भाकरी न्हाई म्हंजे आमच्याकडं बैल बी रुसतंय."

विजू हसली. सिस्टरही हसल्या आणि पुढे सांगू लागल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी तर भातही नाही. ज्याचा तळ दिसतो तेवढंच प्यायचं. बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबूसरबत, त्यात मीठ आणि साखर दोन्ही, शहाळ्याचं पाणी. मटणाचं अळणी पाणी चालेल, पण गाळून आणि वरचा तवंग काढून.

"तांबडा रस्सा?" शालूबाईंनी विचारलं.

"नाही हो, आजी. लाल रंगाचं काहीच नाही. आत लाल दिसलं तर डॉक्टरांनी काय समजायचं?"

आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता एरंडेल. पांढरं, औषधाच्या दुकानातलं, मोठे चार चमचे, लिंबाच्या रसात.

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. "एरंडेल व्हय? आमच्या बांधाला एरंडाची झाडं हायती. त्येच्यासाठी मिरजंपतोर कशाला आणलं म्हनायचं आमास्नी?"

"बांधावरचं बी देऊ नका, आजी. ते विष आहे. आणि वेळ चुकवू नका. दोनला घेतलं की संध्याकाळपर्यंत जोर होतो, रात्री पोट निवतं, झोप मिळते. उशिरा घेतलं तर रात्रभर चालू राहील आणि सकाळी येतानाही होईल. आणि दर जुलाबामागे एक पेला सरबत. न चुकता. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत गेलं पाहिजे." मग त्यांचा आवाज बदलला. "उलट्या सुरू झाल्या, पोट फुगून घट्ट झालं, कळा थांबेनात, चक्कर आली किंवा रक्त जास्त पडलं, तर पुढचं काही करायचं नाही. औषध राहिलं असेल तर द्यायचं नाही. थेट इथे आणायचं, रात्र असली तरी."

सकाळी उपाशीपोटी सातला यायचं, मग इस्पितळातच कोमट पाण्याचा एनिमा देतील, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ठेवून घेता येईल का असं मी विचारलं होतं. खाटा भरलेल्या होत्या, व्हरांड्यातही गाद्या टाकल्या होत्या.

मी विजूकडून सगळं तोंडपाठ म्हणून घेतलं, शाळेत मुलींकडून कविता म्हणून घेते तसं. तिला एकही गोष्ट चुकली नाही. दुपारी दोन, हेही तिनं बरोबर सांगितलं. सांगताना ती सासूकडे पाहत होती आणि शालूबाई जमिनीकडे. मला वाटलं, औषधाचं नाव ऐकून किळस आली असेल.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी सांगलीला शमशादकडे मुक्कामाला गेले. शमशाद माझी कॉलेजातली मैत्रीण, दोन वर्षं वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. तिच्या मालकांचा, दस्तगीरभाईंचा, पत्र्याच्या ट्रंका बनवायचा धंदा आहे. घरात सासू रहिमतबी, दीर, जावा, पोरं, मोठा बारदाना. सांगलीहून मिरज जवळ, म्हणून मी तिथे थांबले. रात्री जेवताना शमशादनं विचारलं, "पोरीला हितंच का न्हाई आणलीस गं?"

"सासरचे सगळं करतायत," मी म्हटलं.

"सगळं म्हंजे?"

"भात, चहा, शहाळी. शालूबाई फार जपतात."

ती आणखी काही विचारणार होती, पण मधेच तिच्या सासूनं हाक मारली. सकाळी मी त्यांच्या घरातल्या नळाच्या संडासात गेले, कडी लावली, आणि माझ्या मनात काहीही आलं नाही. शमशाद माझ्याबरोबर मिरजेला आली.

साडेसातच्या सुमाराला ते आले. गुंडाआबांनी विजूला एका बाजूनं धरलं होतं, शालूबाईंनी दुसऱ्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी जवळ गेले तर म्हणाली, "काही नाही आई, गाडी लागली." सिस्टरनं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि लगेच सलाईन लावलं. तासाभरानं ती सावरली तेव्हा एनिमा दिले. एकामागून एक दिले. डॉक्टर आत गेले आणि फार लवकर बाहेर आले.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "थोडं पुढे गेलो, सगळं भरलेलं आहे. ते दोन कोंब दिसले, पुढचं झाकलेलं. अशा आतड्यात दुर्बीण ढकलणं बरोबर नाही." मग त्यांनी विचारलं, "औषध कधी घेतलं होतं?"

तेवढ्यात डॉक्टरांना दुसऱ्या पेशंटकडे बोलावलं. ते गेल्यावर शालूबाईंनी मला खांबाच्या आड नेलं. शमशाद माझ्या शेजारीच होती.

"इहीनबाई, तिनं दुपारी न्हाई घेतलं. दोन वाजता वाटी तोंडाम्होरं धरली आन खाली ठिवली. म्हनली, आत्ती, दिवस मावळू द्या. मला बी तेच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दुपारच्याला पोरीनं जायाचं कुठं? ज्वारी निघाली, रान उघडं बोडकं पडलंय. कडब्याच्या गंजी हुत्या, त्या बी उचलल्या. रस्त्यावरनं टरका जात्यात. कट्ट्यावर हे बसल्यालं असत्यात, हेंच्या म्होरनं टमरेल घिऊन किती डाव जायाचं तिनं?"

"मग?"

"दिवस मावळल्यावर घेतलं. ते बी निम्मंच. लय झालं तर कसं निभवायचं म्हनली. मग रातच्याला लागलं. मी कंदील घिऊन संगं. कंदील वर धरावा तर वाटंवरच्या मानसास्नी दिसतंय, इझवावा तर इचू-काट्याचं भ्या. मग कंदील खाली ठिवला आन लुगड्याचा पदर पसरून हुभी ऱ्हायली मी. तीनदा गेलो का पाचदा, म्या मोजलं न्हाई. सरबत दिलं तर नगं म्हनायची. प्यालं की आनखी हुतंय, म्हनायची. श्येवटी उठता उठता बसलीच की वो खाली. तोंडावर पानी मारलं तवा डोळं उघडलं."

"तेव्हाच आणायचं होतं."

"कशात घालून आणायचं, इहीनबाई? पयली गाडी पाचला. त्या गाडीत बी तिनं दात-व्हट आवळून धरलं. घाम सुटला हुता पोरीला. मी म्हनलं, गाडी थांबवूया. तर म्हनली, नगं आत्ती, समदी बघतील."

शालूबाई रडत नव्हत्या. त्यांच्या लुगड्याच्या काठाला गोखरूचे काटे चिकटलेले होते, बोलता बोलता त्या एकेक काढून मुठीत ठेवत होत्या, इस्पितळाच्या फरशीवर पडू नयेत म्हणून. शमशादनं त्यांच्यापुढे हात केला आणि ते काटे आपल्या रुमालात घेतले.

मी विजूजवळ जाऊन बसले. सलाईनची बाटली अर्धी झाली होती. ती त्या थेंबांकडे पाहत होती.

"आई, रागावलीस?"

"नाही गं."

"मला पाठ होतं सगळं."

"माहीत आहे मला."

मग तिनं विचारलं, "बाबांचंही असंच होतं का?"

वर्गात मुली अवघड काही विचारतात तेव्हा मी लगेच उत्तर देते, न येणाऱ्या प्रश्नाचंसुद्धा. तसंच दिलं. "नाही. तुझं वेगळं आहे."

"हो," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. आजवर माझ्याकडे तिनं काही मागितलं असेल, तर हे एक खरं उत्तर, आणि तेही मी दिलं नाही.

डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेतलं. पुढच्या मंगळवारच्या नंतरच्या मंगळवारी पुन्हा तपासणी ठेवली. म्हणाले, "तिच्या वडिलांचं ऐकल्यापासून मला घाई झाली आहे. एक कोंब मला आवडलेला नाही. तुकडा काढायचाय, पण पुढचं सगळं पाहिल्याशिवाय निर्णय घेता येणार नाही. आणि हे लक्षात घ्या, पाणी न पिता जुलाब झाले तर औषधानंच माणूस जाईल. पुढच्या वेळी ती संडास असलेल्या घरात हवी. इथून जवळ. साताऱ्याहून चार तासांच्या गाडीत बसवून आणू नका."

साताऱ्याचं माझ्या मनात येण्याआधीच त्यांनी ते खोडून टाकलं होतं. इस्पितळात जागेसाठी नाव लिहून घेतलं, पण मिळेल असं कुणी म्हणालं नाही. विजू सासरी परत गेली.

आज गुरुवार. तपासणी मंगळवारवर आली आहे. दुपारी शाळा सुटून आले तर पायरीवर गुंडाआबा बसलेले. पटका मांडीवर, चपला बाजूला जुळवून ठेवलेल्या. ते माझ्याकडे एकटे कधी आलेले नाहीत. आत बोलावलं तर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चहा ठेवला, तो निवून गेला.

"पाऊसपाणी नाही अजून तिकडे?" मी विचारलं.

"कुठला." मग त्यांनी घसा साफ केला. "इहीनबाई, मी म्हातारा मानूस. सुनंच्या असल्या गोष्टी सासऱ्यानं बोलू न्हाईत. पन आता बोलाय पायजे."

मी खुर्ची जवळ ओढली.

"मी घरामागं खड्डा काढला. गड्याला लावलं न्हाई, म्याच काढला. भवतीनं पत्रं मारलं, दार केलं, वरनं शेवरीच्या काटक्या टाकल्या. चांगलं झालंय. पन समदी आळी बघाय आली. बायका तोंडाला पदर लावून हसत्यात. बिराप्पा तर म्हनला, गुंडा, सुनंला सायबीन केलीस की रं. म्या म्हनलं, व्हय केली, तुझ्या पोटात का दुखतंय? पन तिनं ऐकलं. आता ती त्या पत्र्याकडं फिरकत न्हाई."

त्यांनी पटका उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शालू सांगती, पानीच पीना. गोळ्या बंद केल्यात, त्या केल्या. भाकरी सोडाय तयार हाय. एरंडेल म्हनलं की गप. काल म्हनली, आत्ती, एवढ्या लोकास्नी तरास दिऊन आतलं बघायचं तरी कशाला? जे असंल ते असू द्या." त्यांनी पटका बाजूला ठेवला. "नाथाजीला काय लिवू मी? सरहद्दीवर पोरगं. काय लिवू?"

मग ते पुढे बोलले, जमिनीकडे बघत. "त्या शमशादबाई हुत्या न्हवं तुमच्यासंगं. लय चांगली बाई. शालूच्या हातातलं काटं घेतलं तिनं. त्येंच्या घरात संडास हाय म्हनं. सोमवारचा योक दिस, आन ती रात. तुमी इचारलं तर…"

"त्यांच्या घरी तुमच्या घरच्यांना चालेल?"

"पान्यावरच ऱ्हायाचं हाय न्हवं तिला? कुनाच्या बी चुलीवरचं पानी. माझी पोरगी वाचाय पायजे."

मी म्हटलं, "बघते." त्यांनी मान हलवली. "बघते" म्हणजे काय ते त्यांना कळलं असावं. पाचच्या गाडीला निघून गेले. निघताना थंड झालेला चहा एका दमात प्याले, मला वाईट वाटू नये म्हणून.

बघते का म्हटलं, हे मला संध्याकाळपासून कळत नव्हतं. शमशाद नाही म्हणेल याची भीती आहे का? आहे. घरात दहा माणसं, रहिमतबींची शिस्त, आणि आपण सांगायचं की माझी मुलगी तुमचा संडास दिवसभर अडवून ठेवील. पण तेवढंच नाही. हे गेल्यापासून मी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. लोक म्हणायचे, बाईंनी एकटीनं मुलगी वाढवली, कुणापुढे हात पसरला नाही. विजू ते ऐकतच मोठी झाली. परकर स्वतः धुवून दोरीवर टाकणारी, वह्यांची कोरी पानं शिवणारी ती मुलगी पाहून मला धन्य वाटायचं. मागायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं, ते आता वेगळं सांगायला नको.

शमशादकडे धंद्यामुळे फोन आहे, माझ्याकडे नाही; इथे तो शेजारच्या सुभेदार जोतीरामांकडे आहे. ट्रंक कॉल लावायचा तर आधी नंबर नोंदवायचा, मग तास तास वाट पाहायची, आणि लागला की सांगलीपर्यंत आवाज जावा म्हणून ओरडून बोलायचं. सुभेदार समोर पेपर वाचत असतील, त्यांच्या पत्नी चंद्राबाई स्वयंपाकघरातून कान देऊन असतील, मधल्या केंद्रातली ऑपरेटर ऐकत असेल. एवढ्या सगळ्यांत मला म्हणावं लागेल: शमशाद, विजूला जुलाब द्यायचेत, सोमवारी दुपारी दोन वाजता, दिवसाउजेडी, तुझा संडास पाहिजे. मी रविवारीच तिला घेऊन येते. तिच्याजवळ बसते. दर वेळी ती बाहेर आली की पेला मी तिच्या हातात देते. उलटी झाली, चक्कर आली, पोट घट्ट झालं तर टांगा करून तडक मिरजेला नेते.

त्यानंतर काय दिसेल ते दिसेल. दोन कोंब असतील, शंभर असतील, किंवा तो एक, जो डॉक्टरांना आवडलेला नाही. तिच्या वडिलांच्या वेळी पाहायला काही नव्हतं, म्हणून आम्ही मूळव्याध म्हणत राहिलो. आता पाहायला दुर्बीण आहे, आणि माझी मुलगी आडोसा नाही म्हणून न पाहताच जायची. हे मला लिहितानाही सोसवत नाही. आणि सगळं स्वच्छ दिसूनही उशीर झालेला असेल, हेही मला माहीत आहे. तरीही तिनं दिवसा, कडी लावून, कुणाचीही लाज न धरता बसलं पाहिजे. एवढं तरी तिला मिळालं पाहिजे.

शमशाद नाही म्हणाली तर दुसऱ्या कुणाला विचारीन. सांगलीत, मिरजेत दारोदार विचारीन. पण आधी तिला. सुभेदारांकडे सकाळी दूध येतं तेव्हा दार उघडतं. त्याच वेळी जाईन, नंबर नोंदवीन, आणि लागेपर्यंत तिथून हलणार नाही. लागला की ओरडूनच मागीन.